पासबुकातला बेचन

कोसीच्या पुरात फेकनीचं घर गेलं, त्यात तिचा मुलगा बेचन गेला, आणि बेचनचा एकमेव फोटो ज्यावर होता ते पासबुकही गेलं. मायलेकांच्या जोडखात्याचं पासबुक, त्यावर दोघांचे फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले. फेकनीला दुसरं पासबुक हवं होतं ते त्या फोटोसाठी. बँक नवं देते म्हणजे जसंच्या तसं देते, अशी तिची खात्री.

बँकेच्या दाराशी टेबल टाकून अर्ज लिहून देणाऱ्या सत्तोबाबूंना तिने सगळं उलटसुलट सांगितलं. ट्रंक, बांध फुटल्याची रात्र, मेलेली गाय. सत्तोबाबूंनी त्यातून नेमकं तेवढं उचललं: खातेदारांची नावं, गाव, पासबुक पुरात वाहून गेलं, सबब दुसरी प्रत मिळावी ही विनंती. खाते क्रमांक तिला ठाऊक नव्हता, तो बँकेतून शोधून आणला.

"बेचन कुठंय?" त्यांनी विचारलं.

"लुधियान्याला, कामाला." फेकनी धडधडीत खोटं बोलली. मेला म्हटलं तर त्याचा फोटो लावणार नाहीत, ही भीती. खरं तर तो गेला हे ती अजून कोणाजवळच बोलली नव्हती.

अंगठा उमटवून ती आत गेली. मॅनेजरबाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, मुलाची सही लागेल, शिवाय दोघांचे नवे फोटो आणा.

"नवे? तुमच्याकडं नाहीत?"

"नव्या पासबुकावर नवेच लागतात, काकी. मुलाला म्हणावं, पाठवून दे."

सगळ्या रांगेसमोर फेकनीच्या तोंडून निघून गेलं, "कुठून पाठवणार? तो गेला बाई. पुरात गेला."

सत्तोबाबूंना आत बोलावलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण रागावले नाहीत. दुसरा कागद घेतला. माझा मुलगा मयत झाला आहे, मृत्यूचा दाखला मिळताच सादर करीन, त्याचे नाव कमी करून पासबुक माझ्या एकटीच्या नावे द्यावे. लिहून त्यांनी ते तिला वाचून दाखवलं. फेकनीने अंगठा टेकवला, पण तो कागदावरून उचलेना.

मॅनेजरबाईंनी कपाटातून खातं उघडतानाचा जुना फॉर्म काढायला लावला. हा देता येत नाही, म्हणाल्या, बघा हवा तर. कोपऱ्यात बेचन होता, केस चापून बसवलेले, तेल जरा जास्तच झालेलं. फेकनी कितीतरी वेळ बघत राहिली.

"हा फॉर्म किती दिवस ठेवता?" तिने विचारलं.

"खातं चालू आहे तोवर तरी असतोच."

खात्यातले सगळे पैसे काढून ती गाय घेणार होती. आता तिने पदराने डोळे पुसले आणि खातं चालू राहायला आत किती पैसे ठेवावे लागतात, ते विचारलं.