अकरा पूल आणि ब्रेनाचं हसू

ब्रेनाला मुदत वाढवून मिळाली, तीही हसत हसत. व्यवस्थापक व्हर्नाच्या खोलीतून ती कॉफीचा कप हलवत बाहेर आली तेव्हा मार्लिसच्या पोटात दुखलं. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या पुलांची तपासणी करणाऱ्या त्या कचेरीत दोघी एकाच वर्षी लागल्या होत्या. व्हर्ना मात्र चारचौघांत कौतुकाने नाव घ्यायची ते ब्रेनाचंच.

मार्लिसकडे काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचे, अकरा पूल होते. अहवाल शुक्रवारी द्यायचे आणि आज मंगळवार. सात झाले होते. उरलेल्या चारांतल्या दोन पुलांच्या तुळयांचा गंज गेल्या वर्षीपेक्षा खोल गेला होता, त्यामुळे त्यांची भारक्षमता नव्याने काढायला हवी होती.

दुपारी तिने व्हर्नाचं दार वाजवलं. त्या अकरांतले दोन पूल मुळात ब्रेनाचे होते. उशिराचं खापर तिच्यावर फोडायला तेवढं सांगणं पुरलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते.

"बोल गं," व्हर्ना म्हणाली.

"शुक्रवारपर्यंत नऊच होतील. दोन पुलांचं गणित पुन्हा करायचंय, त्याला तीन दिवस लागतील. पुढच्या बुधवारी देते. गणिताशिवाय सही करणं मला पटत नाही."

"हे तुला कधी कळलं?"

"गेल्या गुरुवारी."

"आणि आज सांगतेस?"

"हो. ते जादाचे दोन पूल घेताना हातातलं काम न बघताच मी हो म्हटलं. मग वाटलं, ओढूनताणून होईल. नाही झालं. चूक माझी."

व्हर्नाने पेन ठेवलं. "काउंटीच्या माणसाला आत्ता फोन करावा लागेल, आणि तो कुरकुरणार. गुरुवारी सांगितलं असतंस तर एखादा पूल डेलकडे दिला असता, तेव्हा तो मोकळा होता. नऊ शुक्रवारी, दोन बुधवारी. अजून काही लपलंय?"

"त्यातल्या एकावरून अवजड ट्रक जातात. गणित होईपर्यंत ते थांबवावेत, असं मला वाटतं."

"ते आधी सांगायचं ना, बाई!" व्हर्नाने फोन उचलला.

बाहेर ब्रेना भेटली. "दिली का मुदत?"

"दिली. तुला बरी हसत देते!"

"हसत कसली! तीन आठवडे आधी मागितली होती. दोनदा नाही म्हणाली, मग कुठे आज हो."

आपणही गुरुवारीच मागू शकलो असतो, या विचाराने मार्लिसचा जळफळाट कमी झाला नाही, उलट वाढला. ती टेबलाशी जाऊन बसली आणि दहाव्या पुलाची फाईल उघडली.

बुधवारी दोन्ही अहवाल गेले. गणितात त्या पुलाची भारक्षमता कमीच निघाली; ट्रक बंद ठेवण्याचा निर्णय बरोबर ठरला. त्यानंतरच्या सोमवारच्या बैठकीत व्हर्नाने मार्लिसचं नाव घेतलं, आणि ब्रेना खिडकीबाहेर पाहू लागली. मार्लिसला बरं वाटलं. हवं त्याहून जरा जास्तच.