गुरुवारी रुजू व्हा

गेटवरून वॉचमनमामांचा फोन आला. ‘‘बाई, आपल्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र घेऊन बापलेक आलेत. पाठवू वर?’’

मी चपापले. या कारखान्याच्या आस्थापना विभागात नेमणुकीची पत्रं सतरा वर्षं मीच टाइप करते, आणि गेल्या दोन महिन्यांत मी एकही केलं नव्हतं. ‘‘पाठवा,’’ म्हटलं.

वडील बसड्रायव्हर, खाकी शर्टातच आलेले. मुलगी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. तिच्या चेहऱ्यावर बाबांनी आपली लाज काढल्याचा राग स्पष्ट दिसत होता.

‘‘हिला आजच राजीनामा द्यायचाय,’’ वडील म्हणाले. ‘‘डॉक्टर चारला निघतात. मी म्हटलं, आधी कंपनी डोळ्यांनी बघून येऊ.’’

‘‘मी खात्री केली होती, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘फोन केला होता.’’

‘‘कुठल्या नंबरवर?’’ मी विचारलं.

‘‘पत्रावरच्या.’’

झालं. चोरालाच विचारायचं, तू चोर आहेस का.

पत्र हातात घेतलं आणि खरं सांगते, क्षणभर मीही गडबडले. लेटरहेड आमचंच, साहेबांची सही हुबेहूब, मजकूर तर मीच लिहिलेला. कुणाचं तरी जुनं पत्र मिळवून त्यावरून हे बनवलं होतं. लोक समजतात, खोट्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असतात. हल्लीच्या चोरांचं शुद्धलेखन आमच्या साहेबांपेक्षा बरं आहे.

पण शेवटची ओळ वाचली आणि मला हसू आलं. ‘येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता रुजू व्हावे.’

‘‘गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी असते,’’ मी म्हटलं. ‘‘गेटला कुलूप असतं.’’

वडिलांनी मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

‘‘चुकून पडलं असेल,’’ ती म्हणाली.

मला तिचा राग आला नाही. नोकरी हातातून जाताना दिसली की माणूस काडीलाही धरतो. मी जावक रजिस्टर उघडून तिच्यापुढे सरकवलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची त्यात नोंद होते. तिच्या पत्रावरचा जावक नंबर तिनेच शोधला. त्या नंबरापुढे पंपाच्या दुरुस्तीचं पत्र होतं.

‘‘मुलाखत कुणी घेतली?’’

‘‘चॅटवर झाली. वीस मिनिटं.’’

‘‘मेल कुठून आला?’’ तिने मोबाइल दाखवला. आमच्या कंपनीच्या नावापुढे ‘करिअर’ चिकटवलं होतं. आमचा मेल तसा नाही, वेबसाइटवर दिलाय तोच आहे. ‘‘आणि पैसे मागितले?’’ मी विचारलं.

‘‘गणवेश आणि ओळखपत्राची अनामत. रुजू झाल्यावर परत देणार होते. आज पाचपर्यंत भरायची होती.’’

‘‘भरलीस?’’

‘‘नाही. बाबा देईनात.’’

‘‘बाबांचे पाय धर. नोकरी देणारा पगार देतो, अनामत मागत नाही.’’

तिने पर्समधून राजीनाम्याचा कागद काढला, दोनदा घडी घातली आणि फाडला. मग रडली. वडील खिडकीबाहेर बघत राहिले. मलाही वाईट वाटलं. दवाखान्यात सगळ्यांना सांगून झालं होतं, म्हणाली.

‘‘त्यांचे मेसेज पुसू नकोस,’’ मी म्हटलं. ‘‘मेसेजचे फोटो काढून सायबर पोलिसांकडे तक्रार दे. आम्हीही देतो.’’

मला वाटलं आता उठतील. पण मुलीने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

‘‘मॅडम, आमचा एक ग्रुप आहे. निवड झालेल्या अकरा जणींचा. दोघी आज पैसे भरणार आहेत. मी नुसतं सांगितलं तर म्हणतील, हिचं काही जमलं नाही म्हणून जळते. मला लेखी द्या.’’

या पोरीत दम होता. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले, सगळं सांगितलं आणि दहा मिनिटांत पत्र टाइप केलं. ‘सदर नेमणूकपत्र आमच्या कार्यालयाने दिलेले नाही. कंपनी उमेदवारांकडून कोणतीही रक्कम घेत नाही.’ साहेबांची सही घेतली, शिक्का मारला, जावक नंबर टाकला. आमच्या कंपनीचं पहिलं खरं पत्र तिला मिळालं, आणि ते नोकरी नसल्याचं.

तिने फोटो काढून ग्रुपवर टाकला. आम्ही तिघं मोबाइलकडे बघत बसलो. लगेच एकीचं उत्तर आलं. ‘हे तरी खरं कशावरून?’

वडिलांनी कपाळावर हात मारला. मुलगी मात्र हसली. माझ्याकडे न बघताच तिने टाइप केलं आणि पाठवण्याआधी मोठ्याने वाचून दाखवलं. ‘माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. या पत्रावरच्या नंबरवर फोन करू नकोस, त्या पत्रावरच्याही नको. कंपनीची वेबसाइट स्वतः शोध, तिथला नंबर घे, आस्थापना विभाग माग, आणि मग विचार. तोवर एक पैसा भरू नकोस.’

चार मिनिटं काहीच झालं नाही. पाचव्या मिनिटाला माझ्या टेबलावरचा फोन वाजला.