वळतं करा

शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा, एवढंच मी म्हणाले. प्रभुलिंग अण्णांनी असा चेहरा केला, जणू मी जाताना जिन्याचं रेलिंगही उपटून नेणार होते.

"टीचर, डिपॉझिट म्हंजे डिपॉझिट. करारात तसं न्हाई."

"नाही, म्हणून तर विचारतेय. तीन महिन्यांचं भाडं तुमच्याकडे आहे. दोन महिन्यांचं वळतं करा, तिसऱ्याचं ठेवा. लाइट बिल भरलं, घर बघून घेतलं, की चावीच्या वेळी उरलेलं द्या."

लातूरच्या शाळेत मला नोकरी लागली होती. तिथला घरमालक आधी डिपॉझिट मागत होता, मग चावी. इथं भाडं भरत बसले तर तिथं काय देणार? उसनं मागायला माझ्यामागे कुणी नाही आणि असतं तरी मागितलं नसतं.

अण्णांनी भिंतीकडे बोट केलं. "आन रंगाचं? भोकं बघा की किती."

आता मात्र माझं डोकं फिरलं. ती भोकं हृषीकेशची होती. तो माझ्याआधी इथं राहायचा. एकदा चुकून इथं आलेलं त्याचं कुरियर न्यायला आला आणि भिंत बघून हसायलाच लागला. याच भोकांसाठी अण्णांनी त्याच्या डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले होते. पैसे कापले, रंग दिला नाही. मी त्याच्याच खिळ्याला कॅलेंडर लावून तीन वर्षं काढली. एकाच भिंतीचा रंग दोघांच्या खिशातून काढायचा, आणि वर आवाज चढवायचा.

मी सरळ सांगितलं, "या महिन्याचं भाडं मिळणार नाही. काय करायचं ते करा."

त्यांनी केलं. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं आणि वरच्या टाकीच्या मोटारीचं बटण अण्णांच्या घरात. पाणी आलं, खालची टाकी भरली, बटण काही दाबलं गेलं नाही. मी खालच्या नळावरून घागरी वर नेल्या. अण्णांची आई, चंद्रव्वा, ओट्यावर बसून बघत होती. ती मुलाला कन्नडमध्ये काहीतरी खरमरीत बोलली, पण मोटार काही सुरू झाली नाही. माझी कंबर मोडली, हट्ट नाही मोडला. प्रत्येक घागरीला मी जिन्यात मुद्दाम पाय आपटत गेले.

आठवड्याने अण्णा घर दाखवायला एका मुलीला घेऊन आले. काव्या तिचं नाव, दवाखान्यात नर्स, मैंदर्गीची. ती स्वयंपाकघर बघत होती तेवढ्यात अण्णा मला जिन्यात गाठून हळू आवाजात म्हणाले, "टीचर, वरच्या मजल्याच्या कर्जाचा हप्ता भाड्यातनं जातोय माझा. हिला जरा चांगलं सांगा. ही ठरली की तुमचं दोन्ही महिन्यांचं वळतं करतो. रंगाचं बी सोडलं."

खरं सांगते, मोह झाला. एक शब्द, आणि लातूरची चावी हातात. मला ही मुलगी कोण लागत होती?

काव्या बाहेर आली आणि तिने नेमकं तेच विचारलं. "मॅडम, सोडताना डिपॉझिट परत देतात का हो?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. तीन वर्षं मी या माणसाला पहिल्या तारखेला भाडं दिलं होतं, एकदाही उशीर न करता. आणि आता हाच मला माझ्याच पैशांसाठी खोटं बोलायला लावत होता.

"नाही," मी म्हणाले. "माझ्याआधीच्याला पूर्ण दिलं नाही, मला देत नाहीत. या भिंतीचे पैसे एकदा कापून झालेत. आणि पाणी हवं असेल तर घागर घेऊन या."

अण्णांचा चेहरा उतरला. झालं, गेलं लातूर, असं मनात म्हणत मी सरळ उभी राहिले. वाईट वाटलं, पण लाज नाही वाटली.

काव्या निघून जाईल असं वाटलं होतं. तिने पर्स काखेत मारली आणि भिंतीला पाठ टेकवली.

"अण्णा, घर मला पसंत हाय. दवाखाना जवळ पडतो. पण आदी यांचं मिटवा, माज्यासमोर. करारावर लिहून सही करा. आन रंग दिल्याबिगर मी टोकन देणार न्हाई."

अण्णांनी एकदा भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडचा करार मागून त्यांनी त्याच्या मागे लिहिलं, दोन महिन्यांचं भाडं वळतं केलं, रंगाचं काही येणं नाही, आणि सही केली. खालून मोटारीचा आवाज आला. बटण चंद्रव्वाने दाबलं होतं.

पुढच्याच रविवारी रंगारी आला. अण्णा दारात उभे राहून बघत होते. भोकं बुजली, भिंत पांढरीशुभ्र झाली.

"तुमी तर चाललाव, टीचर," ते कुरकुरले. "तुमाला काय करायचंय या रंगाचं?"

"महिनाभर राहणार आहे की अजून," मी म्हणाले. "मोरीची भिंत राहिली. तिला पण द्यायला सांगा."