काठमांडूचे दादासाहेब

माझी आई, रुपाली, चाकणच्या एका कंपनीत काम करते. तिथे पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवतात. भाग दाबायचा पोलादी साचा, म्हणजे डाय, बनली जपानमध्ये, नागोयाला. ती चालते चाकणला. आणि त्यातून निघालेला भाग जातो जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. म्हणजे भागाच्या कडेला जरा धार राहिली की तीन देशांत बोंब उठते. कंपनीत त्या धारेला ‘बर’ म्हणतात, आणि गेला महिनाभर आमच्या घरी वरणभातासोबत ‘बर’च वाढला जात होता.

या तीन देशांना एका वेळी एका मीटिंगमध्ये बसवायचं काम आईच्या साहेबांनी, गणराजसरांनी, तिला दिलं होतं. तात्पुरतं. जमलं तर ती कायमची ‘समन्वयक’ होणार, नाही जमलं तर काम परचेस खात्यातल्या संघर्ष नावाच्या सहकाऱ्याकडे जाणार. हा संघर्ष रोज जिन्यात भेटून विचारायचा, “काय मॅडम, आज जर्मनी उठली का?”

पहिल्या मीटिंगला आईने नागोयाचे तास मिळवायच्या ऐवजी वजा केले. तिथले मोरीतासान बिचारे भलत्याच वेळी एकटे कॅमेऱ्यासमोर बसून राहिले. दुसऱ्या मीटिंगला सगळे वेळेवर आले, फक्त दादासाहेब झोपले होते.

दादासाहेब म्हणजे डाय दुरुस्त करतात त्या टूलरूममधले सगळ्यात जुने कारागीर. डाय का रुसलीय ते फक्त त्यांना कळतं. जेवणानंतर अर्धा तास झोपायची परवानगी त्यांना थेट मालकांनी दिली आहे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना मधेच उठवलं होतं. ते ओरडले वगैरे नाहीत. उठले, आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत, मशीनशीसुद्धा नाही. त्या दिवशीचा सगळा माल भंगारात गेला म्हणतात.

तिसरी मीटिंग माझ्या शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत आली, सोमवारी. ही हुकली की काम संघर्षकडे, हे सरांनी सांगून टाकलं होतं. मी आईसोबत कंपनीत गेले. घरी एकटीला कंटाळा येतो हे कारण सांगितलं. खरं कारण असं की दोन आठवड्यांपूर्वी मी वक्तृत्वात पहिली आले होते, आणि तेव्हापासून माझ्याशिवाय कुणाचं काही अडेल ही कल्पनाच मला फार आवडायला लागली होती.

“उत्कर्षा, इथे बसायचं. कुणाला काही समजावून सांगायचं नाही,” आईने मला तिच्या टेबलाशी बसवलं.

तिच्या संगणकावर मीटिंग प्लॅनर उघडा होता. एका गावाला एक आडवी पट्टी. पट्टीत चोवीस तासांचे चौकोन, ऑफिसच्या वेळेचे हिरवे, बाकीचे लाल. पट्ट्या एकाखाली एक अशा लावलेल्या, की वरून खाली रेघ धरली तर एकाच क्षणी कुठे किती वाजलेत ते दिसतं. सगळ्या पट्ट्यांत हिरवं असेल तिथे मीटिंग घ्यायची. चाकण त्या यादीत नव्हतंच. भारताची वेळ ‘कोलकाता’ या नावाखाली होती, त्यामुळे आई गेला महिनाभर कोलकात्यातून काम करत होती.

“साडेबारा ते एक ठेवलीय,” आई म्हणाली. “श्टुटगार्टला नऊ, नागोयाला चार. दादासाहेब जेवायच्या आधी. सगळं हिरवं.”

मी बघितलं. खरंच हिरवं. मग वरच्या कोपऱ्यातली तारीख बघितली.

“आई, ही तारीख शुक्रवारची आहे.”

“शुक्रवारीच बघितलं ना मी. वार बदलला म्हणून जर्मनी सरकते का?”

मी तारीख आजची केली. कोलकाता जागचं हललं नाही. नागोया हललं नाही. जर्मनी सरकली. अख्खी पट्टी एक घर उजवीकडे गेली, आणि आमच्या साडेबाराखाली श्टुटगार्टचे आठ आले, लाल.

आई खुर्चीत बसली. आधी उभी होती हे तेव्हा कळलं.

“काल रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे गेली,” मी म्हणाले. “ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात करतात तसं. आपल्याकडे आणि जपानात नाही करत. त्यांच्यात आणि आपल्यात कालपर्यंत साडेतीन तास होते, आता साडेचार.”

“सगळ्या देशाने एकदम घड्याळं मागे घेतली? आणि मला कुणी सांगितलं नाही?”

जर्मनीचे डीटरसाहेब मुलाला बालवाडीत सोडून नऊला येतात. नऊ म्हणजे आता आमचा दीड. मोरीतासान पावणेसहाला निघतात, म्हणजे आमचे सव्वादोन. तिघांचं मिळून हिरवं उरलं दीड ते सव्वादोन, पाऊण तास. आणि दीड ते दोन दादासाहेब झोपणार.

“पंधरा मिनिटं,” आई म्हणाली. “पंधरा मिनिटांत तर नुसतं ‘आवाज येतोय का’ होतं.”

सव्वादहाला दादासाहेब कँटीनमध्ये चहाला आले. आई म्हणाली, मी बोलते. मी म्हणाले, बरं. आणि मीच बोलले.

“आजोबा, तुम्ही किती वाजता झोपता?”

“कंपनीत म्या झोपत न्हाई. डोळं मिटून इचार करतो.”

“मग विचार किती वाजता करता?”

“दीड ते दोन.”

“आज एक दिवस नंतर केला तर?” आईने विचारलं.

“म्या तयार हाय, ताई. पोटात भाकर गेली की डोळं इचारत न्हाईत.” त्यांनी बशीत चहा ओतला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. “चला, साडेधा झालं.”

भिंतीवर सव्वादहा वाजले होते.

“आजोबा, तुमचं घड्याळ पुढे आहे.”

“पंधरा मिन्टं. लगीन झाल्यापास्नं. म्हंजी कुटं उशीर होत न्हाई.”

“मग दीडला झोपता म्हणजे याच घड्याळात दीड?”

“दुसऱ्याच्या घड्याळात कशाला झोपू?”

मी आईचा हात धरून टेबलाकडे पळाले. दादासाहेबांचा दीड म्हणजे खरा सव्वा. त्यांचे दोन म्हणजे खरे पावणेदोन. पावणेदोन ते सव्वादोन, सगळे जागे, अर्धा तास!

आईचा विश्वास बसेना. तिला पट्टीवर बघायचं होतं. पण प्लॅनरमध्ये माणूस टाकता येत नाही, फक्त गाव टाकता येतं. दादासाहेबांसाठी आपल्यापेक्षा बरोब्बर पंधरा मिनिटं पुढे असलेलं गाव हवं होतं. असं गाव भूगोलाच्या पुस्तकात आहे. नेपाळ आपल्यापेक्षा पाऊणही नाही, अर्धाही नाही, पाव तास पुढे आहे. मी चौथी पट्टी जोडली: काठमांडू. कामाची वेळ टाकली दोन ते सहा. चार पट्ट्यांतून एक बारीक हिरवा उभा पट्टा चमकला.

“आहे गं,” आई म्हणाली आणि ‘वेळा कॉपी करा’ दाबलं, निमंत्रणात चिकटवलं, पाठवलं. काय चिकटवलं ते दोघींनीही वाचलं नाही.

पावणेदोनला आम्ही मीटिंगच्या खोलीत. गणराजसर, आई, आणि ताजे ताजे विचार करून आलेले दादासाहेब. आईला टिपणं घ्यायची होती म्हणून लॅपटॉप माझ्याकडे दिला होता, आवाज करायचा नाही या अटीवर. पडद्यावर डीटरसाहेब आले. मोरीतासान आले, मान लववून. आईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

डीटरसाहेब हसले नाहीत.

“सुरू करण्याआधी एक प्रश्न,” ते इंग्रजीत म्हणाले. “निमंत्रणात चार ठिकाणं आहेत. कोलकाता, श्टुटगार्ट, नागोया आणि काठमांडू. कोलकाता मला समजतं, ते सगळ्याच भारताला लिहिलेलं असतं. काठमांडूला कोण आहे?”

मी निमंत्रण उघडलं आणि पहिल्यांदाच वाचलं.

“आमच्या करारानुसार,” ते पुढे म्हणाले, “आम्हाला विचारल्याशिवाय डाय दुसऱ्या कारखान्यात हलवता येत नाही. डाय नेपाळला गेली आहे का? बर त्यामुळेच येतो आहे का?”

मोरीतासानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “नेपाळ,” ते हळूच म्हणाले, जसं कुणी मुलगी पळून गेल्याची बातमी ऐकून म्हणेल.

गणराजसर आईकडे वळले. “रुपालीताई, आपला नेपाळला कारखाना आहे?”

“नाही सर.”

“मग मला कसं माहीत नाही?”

दादासाहेबांनी मला कोपर मारलं. “काय म्हंतोय गोरा?”

“तुम्ही काठमांडूला असता म्हणतायत.”

“म्या? म्या हितल्या कुरुळीच्या फुडं गेलो तर घरची जेवत न्हाई.”

मग आई उभी राहिली. माझी आई, जी सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा मागच्या रांगेत बसते. तिने दादासाहेबांचा हात धरला आणि मनगट कॅमेऱ्याला लावलं. पडद्यावर नुसतं घड्याळ. दोनवर तीन मिनिटं.

“दिस इज काठमांडू,” आई म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं, झोप, पट्टी, त्यांनी मागे घेतलेली घड्याळं. डीटरसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“घड्याळ पुढे आहे हे त्यांना माहीत आहे?”

“हो.”

“मग ते मनात पंधरा मिनिटं वजा करत असतील.”

आईने विचारलं. दादासाहेब म्हणाले, “व्हय, करतो की.”

“मग पुढे ठेवायचा उपयोग काय?”

आईने तेही विचारलं. दादासाहेबांनी त्या प्रश्नाला योग्य तो मान देऊन विचार केला, डोळे उघडे ठेवून. “वजाबाकी जमंस्तवर मानूस घराभाईर पडलेला अस्तोय. त्याला सांगा.”

आईने सांगितलं. डीटरसाहेब एकदम हसायला लागले आणि थांबेचनात. मोरीतासान म्हणाले, त्यांच्या सासऱ्यांचं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं, पण सात मिनिटांचा देश त्यांना कधी सापडला नाही.

उरली चोवीस मिनिटं. दादासाहेबांनी खिशातून खराब भाग काढला आणि डाव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. बर तेवढ्याच कोपऱ्यात होता. डायच्या वरच्या आणि खालच्या पोलादातली फट तिथे जास्त झाली होती, कारण दोन्ही जुळवून धरणारी तिथली मार्गदर्शक दांडी झिजली होती. मोरीतासानांनी डायचं चित्र उघडलं, दांडीचा नंबर सांगितला, नवी उद्याच पाठवतो म्हणाले. डीटरसाहेबांनी चांगला माल पाठवायला एक आठवडा दिला. सव्वादोनला मोरीतासान मान लववून निघाले, पावणेसहाची त्यांची बस होती बहुतेक.

डीटरसाहेब मात्र थांबले. “एक औपचारिक गोष्ट. काठमांडू नोंदीत गेलं आहे, आणि आमच्या नोंदीतून काही काढता येत नाही. तिथे तुमचा कारखाना नाही असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या. जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने.”

पडदा बंद झाला. गणराजसरांनी लेटरहेडचा कागद आईपुढे सरकवला.

“लिहा, रुपालीताई,” ते म्हणाले. “आमच्या कंपनीचा काठमांडू येथे कोणताही कारखाना, शाखा किंवा गोदाम नाही.”

आईने लिहिलं. “खाली सही तुमची ना सर?”

“माझी कशाला? काठमांडू मी उघडलं का? ज्याने उघडलं त्याने बंद करायचं.”

“पण सर, हुद्दा काय लिहू? तात्पुरतं…”

“जर्मनीला तात्पुरता माणूस लिहून देतो का काही? समन्वयक लिहा. आणि एचआरला सांगा, आजपासून.”

आईने सही केली. मग कागद लांब धरून तो शब्द बघितला, मग जवळ धरून बघितला. खाली उतरताना जिन्यात संघर्ष भेटला.

“काय मॅडम, जर्मनी उठली का?”

“उठली,” आई म्हणाली. “नेपाळ बंद केलं.”