वेळ संपल्यावर माइक बंद

वेबिनारच्या वक्त्यांसाठीचं सूचनापत्र मीच लिहिलं होतं, आणि मला त्याचा गर्व होता. स्लाइड आडव्या, जास्तीत जास्त आठ, अक्षर मोठं. वेळ दहा मिनिटं. आठव्या मिनिटाला खूण करू, दहाव्याला माइक बंद. तालीम आदल्या दिवशी, त्याच लॅपटॉपवर, त्याच नेटवर, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. श्रोत्यांचे प्रश्न लेखी येतील, सूत्रसंचालक निवडून वाचेल; उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. खासगी प्रश्न घेतले जाणार नाहीत. सौंसरच्या आमच्या संस्थेत माझ्या आधी कुणी असा कागद केला नव्हता.

विषय होता फवारणीची विषबाधा. वक्ते दोन. नागपूरचे एक डॉक्टर, आणि रामाकोन्याच्या लीलाबाई. त्यांचा नवरा मोतीराम चार वर्षांपूर्वी कपाशीवर फवारताना शेतातच कोसळला आणि दवाखान्यात वारला. लीलाबाईंना वाचता येत नाही, म्हणून कागद मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावून ऐकला. "हे बरं हाय, सुचिताताई. किती बोलाचं ते समजते."

तालमीला त्या आमच्या ऑफिसात आल्या. स्लाइडवर फक्त चार फोटो होते. त्या छान बोलल्या, आणि "मंग त्यायले दवाखान्यात नेलं" इथवर येऊन थांबल्या.

"पुढे, मावशी?"

"पुढचं उद्या. मेल्या मानसाचं दुःख मी खोटंखोटं नाही सांगनार. एकदाच सांगीन."

घड्याळात साडेसहा मिनिटं झाली होती. माझा नियम होता पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. पण त्या बाईशी कोण वाद घालणार? मी यादीत 'तालीम पूर्ण' असं लिहून टाकलं. निघताना त्यांनी विचारलं, "आमची अश्विनी पाहीन ना?" अश्विनी त्यांची मुलगी, पांढुर्ण्याला संत्र्याच्या पॅकिंगमध्ये कामाला. मी म्हटलं, मोबाइलवर दिसेल. "तिच्यासाठीच बोलून राहिली मी," त्या म्हणाल्या. मला वाटलं, कौतुकाची हौस.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्लाइड आणल्या सव्वीस. आठव्या मिनिटाला मी खूण केली, बाराव्याला पुन्हा केली, आणि ते एकोणीस मिनिटं बोलले. माझं बोट काही बटणाकडे गेलं नाही. मोठ्या माणसाला थांबवायची माझी हिंमत नव्हती, हे आता उघड सांगते.

लीलाबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत, लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. दवाखान्यापर्यंत आल्या आणि त्यांचा आवाज बसला. त्या थांबल्या, पदरानं तोंड पुसलं, पाणी प्यायल्या. मी आठव्या मिनिटाची खूण केली. "डाक्टरांनी इचारलं, औषध कोनतं होतं, बाटली आना..." त्या म्हणाल्या आणि पुन्हा गप्प झाल्या. सगळ्यांना उशीर झाला होता. दहा झाले. मी बटण दाबलं.

त्यांचे ओठ थोडे हलले, मग त्यांना कळलं. कागदात होतं तसं त्या थांबल्या.

प्रश्न आले. एक होता: 'त्या बाईंच्या बाटलीचं पुढे काय झालं?' मी तो खासगी म्हणून वगळला आणि डॉक्टरांसाठी हातमोज्यांचा प्रश्न वाचला. आभार मानून वेबिनार बंद केलं.

"मावशी, शेवटी काय सांगायचं होतं?" मी विचारलं.

"बाटली मीच फेकली, ताई. फवारनीच्या दिवशी सकाळीच. इखाची बाटली घरात ठेवाले भेव वाटे, मनून नाल्यात टाकली. अश्विनीनं त्या दिवशी केर टाकला होता. तिले वाटते, केरात तिनंच टाकली. बाटली नाही भेटली, मनून डाक्टरले इख कोनतं ते समजलं नाही. चार वर्षं झाली, पोरगी स्वतःलेच दोष देते. मले तिच्या तोंडावर कधी सांगनं नाही झालं. मनलं, चार मानसांत एकदा बोलून टाकू, मंग परत घ्याले नाही येनार."

"आता फोन लावून सांगा ना तिला. मी बाहेर जाते."

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. अश्विनीच होती. फोन स्पीकरवर लागला. बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही पटकन सुचलं नाही.

"आई, लय चांगली बोलली तू," पोरगी रडत होती. "बाटलीचं नाव घेतलं तवा माहा जीवच गेला. मनलं, आता तू सांगते सगळ्यायले, पोरीनंच फेकली मनून. पन तू थांबली. तू मले वाचवलं, आई."

लीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हो," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "जेवली का तू?"