दुर्गाबाईंची बाराची तेजी

नजराणा हातात पडला की माणसाला वाटतं, आपण काही न करता कमावलं. उद्धवलाही तसंच वाटलं. मी त्याच्या शेजारच्या गादीवर बसत होतो आणि त्याचा जामीनही होतो, म्हणून मला ते बघवत नव्हतं.

ही अमरावतीच्या सरकी बाजारातली गोष्ट. सरकारने कायदा करून तेजी-मंदी बंद पाडली, त्याच्या थोडं आधीची. तेजी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांदूर बाजारच्या दुर्गाबाईंना गुरांसाठी सरकी लागायची. भाव चढला तर काय, या धास्तीने त्यांनी मणाला चार आणे नजराणा मोजून उद्धवकडे तेजी लावली होती. मुदतीच्या दिवशी त्यांनी मागितलं तर माघात माल द्यायच्या वायद्याचे दहा सौदे, शंभर मणांचा एक, उद्धवने त्यांना मणाला बारा रुपयांनीच द्यायचे. नाही मागितलं तर नजराणा उद्धवच्या खिशात राहणार आणि विषय संपणार. लावणारी बाई आणि खाणारा उद्धव, अशी आमची भाषा.

उद्धव राजापेठेतल्या भिक्षुकाचा मुलगा. वडिलांची यजमानांची घरं चुलतभावाला देऊन हा बाजारात आला. पाचशे रुपये अनामत भरून, माझ्या जामिनावर, दलालीचा बिल्ला छातीला लावला. अनामत संपली की बिल्ला परत, असा नियम होता. बिल्ला गेला असता तर त्याला ना बाजार, ना यजमान. मी त्याला ‘महाराज’ म्हणून चिडवायचो, पण पोरगा मनापासून आवडायचा.

महिनाभर त्याने काम नीट केलं. भाव बाराच्या आसपास असताना त्याने पाच-सहा सौदे स्वतः घेऊन ठेवले होते. बाईने मागितलंच तर हाताशी असावेत म्हणून. भाव दोन-चार आण्यांनी हलला तर एखादा सौदा वाढवायचा, एखादा काढायचा. मुदत लांब होती तोवर आणा इकडे की तिकडे, याने फारसं बिघडत नव्हतं.

मुदतीचा दिवस आला शनिवारी, आणि भाव बाराला येऊन बसला. आता एका आण्यात सगळं बदलत होतं. बारा-एक, म्हणजे बारा रुपये एक आणा, झाला तर बाई दहाही मागणार, म्हणजे दहा हाताशी हवेत. अकरा-पंधरा झाला तर एकही मागणार नाही, म्हणजे एकही नको. आदल्या संध्याकाळी भाव बाराखाली गेला म्हणून उद्धवने हातातले सगळे काढून टाकले होते; सकाळी बारा-एक झाल्याबरोबर धावत जाऊन त्याने दहा भरून घेतले. भाव अकरा-पंधरावर आला, त्याने दहाही विकले. पुन्हा बारा-एक झाला, पुन्हा घेतले. पुन्हा पडला, पुन्हा विकले. दर खेपेला मणामागे दोन आणे गेले. हजार मणांवर सव्वाशे. दोन खेपांत अडीचशे रुपयांचा अख्खा नजराणा साफ.

मी त्याचा सदरा धरून त्याला सौद्यांच्या रिंगणाबाहेर ओढला.

“काय करून राहिला तू? महाग घेतो अन् स्वस्त इकतो! असा धंदा तुह्या आजानं तरी केला होता का?”

“काका, घेतलं नाही तर बाई मागेल, अन् ठेवलं तर मागणार नाही. मी करू तरी काय?”

“पाच घे अन् गप बस. दोन्हीकून अर्धाच मरशील.”

“बाईची तेजी भागवाले मीच दुसऱ्या कोनाकडे बाराची तेजी लावू का?”

“आज बाराची तेजी खायले कोन बसलं हाय? सारेच तुह्यासारखे तापून राहिले.”

त्याने बाराला पाच सौदे घेतले आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता, बाहेर पौषाची थंडी असूनही. मला त्याची कीव आली आणि रागही आला. स्वतःचाच जास्त. जामीन राहताना मी कोणाला विचारलं होतं?

पाच वाजता घंटा झाली. शेवटचा सौदा बारा रुपयांना, ना आणा वर ना आणा खाली.

आता खरी पंचाईत. बाईला सहापर्यंत सांगायची मुभा होती, पण घंटेनंतर उद्धवला ना घेता येत होतं, ना विकता. उद्या रविवार, परवा संक्रांत, बाजार उघडणार मंगळवारी. त्यात सरकीचं तेल परदेशी पाठवायची परवानगी मिळणार, नाही मिळणार, अशी दोन्ही तऱ्हेची हूल उठली होती. मंगळवारी भाव रुपयाने चढेल की पडेल, देव जाणे. बाईने दहा मागितले तर उद्धवकडे पाच कमी. काहीच नाही मागितले तर पाच जास्त. पाच सौद्यांवर रुपया-सव्वा रुपया उलटा गेला की अनामत संपली, आणि बिल्लाही.

“भाव बरोब्बर बारा हाय,” उद्धव म्हणाला. “बाराच्या मालासाठी बाई बारा कावून देईल? बाजारातच मिळते की. नाईच मागणार.”

“तिले बाजाराशी काय करायचं? तिले सरकी पाहिजे असन तर मागन. अन् सहाच्या आत चढाची बातमी आली तर भाव न पाहता मागन. ते तिच्या मनात हाय, तुह्या भावाच्या पाटीवर नाई.”

दुर्गाबाई समोरच्या ओट्यावर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी, शेजारी त्यांचे दलाल नत्थुजी. नत्थुजींनी अकोल्याला ट्रंक कॉल लावला होता. ते बाईंना सांगत होते, मुद्दाम आम्हाला ऐकू येईल असं:

“सहापर्यंत तोंड उघडू नका, बाई. बातमी येऊ द्या. तवर त्याले तळमळू द्या.”

सल्ला चुकीचा नव्हता. लावणाऱ्याला थांबायचा हक्क, त्याचाच तर नजराणा. आणि खाणाऱ्याने अशा वेळी लावणाऱ्याकडे जाऊन विचारायचं नाही, ही आमच्या बाजाराची रीत. विचारणं म्हणजे आपण अडकलो अशी दवंडी पिटणं. मोठमोठे गादीवाले घाम पुसत बसायचे, पण विचारायचे नाहीत. नाक खाली होतं ना!

उद्धव सरळ ओट्याकडे निघाला.

“अरे, कुठी चालला?”

“विचारून येतो.”

“लाज वाटू दे थोडी! माही भी इज्जत जाईन.”

“काका, आमच्या सात पिढ्या लोकांच्या दारी जाऊन विचारत आल्या. मले विचारायची कसली लाज?”

मी मागोमाग गेलो. जामीन मीच, न जाऊन करतो काय?

ओट्याखाली उभं राहून त्याने बाईंना नमस्कार केला. मला वाटलं, हा आता हात जोडून विनवणार. त्याने भलतंच विचारलं.

“दुर्गाबाई, ढोरं किती तुमच्या घरी?”

नत्थुजी हसले. बाई हसल्या नाहीत. गुरांचं विचारलं की शेतकरी बाई उत्तर देतेच.

“घरची पस्तीस. भाऊबंदांची धरून साठ. कावून?”

“रोज किती सरकी लागते?”

“शेरभर एकाले.”

“म्हणजे दिवसाला दीड मण. पुढच्या साली नवी सरकी निघेपर्यंत साडेपाचशे मण. वासरं धरली तर सहाशे.”

“हो, सहाशेच,” बाई म्हणाल्या. “मंग हजाराची तेजी मले कोन लावाले लावली वं माय?” आणि त्यांनी नत्थुजींकडे पाहिलं.

नत्थुजींना एकाएकी पान लावायची घाई झाली.

उद्धवने काही लपवलं नाही. “बाई, मी पाच सौदे घेऊन बसलो आहे. तुम्ही किती घेणार, मले ठाऊक नाही. दहा घेतले तरी मी बुडू शकतो, एकही नाही घेतला तरी बुडू शकतो. सहापर्यंत थांबायचा तुमचा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही आत्ता सांगितलं, तर माघात मापाच्या वेळी मी स्वतः काट्यावर उभा राहीन. ओलं, तापलेलं एक पोतं तुमच्या गाडीत चढू देणार नाही.”

मागच्या साली तापलेली सरकी खाऊन त्यांच्या दोन म्हशी आजारी पडल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

“सहा सौदे दे मले बारानं,” त्या म्हणाल्या. “बाकीचे चार मी काय खाऊ? ते सोडले.”

“बाई!” नत्थुजींच्या हातातलं पान राहिलं. पण शब्द तोंडातून गेला होता, दोन दलालांसमोर.

उद्धवने मान लववली. पाच हाताशी, सहा द्यायचे. हाताशी नसलेला, म्हणजे उघडा, राहिला फक्त एक. एवढं कोणीही सोसेल. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि मी ओट्याच्या कडेवर मटकन बसलो.

सहाला थोडा वेळ राहिला असताना ट्रंक कॉल लागला. नत्थुजी आत धावले आणि दुप्पट वेगाने बाहेर आले.

“अकोल्यात मोठे गिरणीवाले परवानगी मिळाली म्हणून राहिले! मंगळवारी भडकते बाजार. बाई, अजून सहा नाई वाजले. दहाही घ्या! चार सोडले ते आम्ही आयकलंच नाई म्हणतो.”

उद्धवचा चेहरा पांढरा पडला. मी तोंड उघडणार होतो, त्याने माझा हात दाबला.

दुर्गाबाई उठल्या. पिशवी काखेत मारली.

“त्यानं मले ढोरं किती म्हणून इचारलं, नत्थुजी. तुमी दोन सालात इचारलं का?” त्यांनी पदर नीट केला. “सहा म्हणली ते सहा. माही मोटार सुटते.”

त्या गेल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत बाजाराने मला कधी रडवलं नव्हतं, त्या दिवशी डोळे भरून आले. मी धुळीला दोष दिला.

मंगळवारी बाजार तेरा-दोनला उघडला. उद्धवने उघडा राहिलेला एक सौदा तिथेच घेऊन टाकला. तोटा एकशे साडेबारा. पाच उघडे असते तर साडेपाचशेच्या वर गेला असता, आणि दुपारपर्यंत बिल्ला कचेरीत जमा झाला असता. त्याने तोटा भरला आणि बिल्ला छातीवर तसाच ठेवून रिंगणात जाऊन उभा राहिला. ज्यांनी शनिवारी त्याला ओट्याकडे जाताना पाहून नाकं मुरडली होती, त्यांतले दोघे त्याच्यासाठी सरकून जागा करून देत होते.

माघात माप झालं. उद्धव दिवसभर काट्याशी उभा होता. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, ओलं लागलं की पोतं परत. देणारे वैतागले. मीसुद्धा वैतागलो, कारण त्याच्या गादीवर मला बसावं लागलं. संध्याकाळी सरकीच्या गाड्या लागल्या तेव्हा दुर्गाबाईंनी त्याला विचारलं:

“पुढच्या सालची तेजी खाशील का रे बाप्पा माही? दहा सौद्यांची?”

“खाईन,” उद्धव म्हणाला. “पण सहाचीच.”