समन्ससोबतचं पत्र

रुपरावांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. वहीचा रेघी कागद, एस.टी.त आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाचं ठाशीव अक्षर आणि मजकूर अगदी थोडा. 'गणपतराव, मी पैशाचं विचारत नाही. फाटक खराब आहे हे तुम्हाला माहीत होतं का, तेवढं सांगा.'

धरमपेठेतल्या आमच्या वाचनालयात ते रोज सकाळी पेपर वाचायला यायचे. निवृत्त झाल्यावर उमरेड सोडून मुलाकडे राहायला आलेले. लोखंडी सरकतं फाटक उघडायचं कामही बहुतेक तेच करत, कारण सगळ्यांच्या आधी तेच पोचत. फाटकाच्या रुळाला शेवटी अडसर असतो, तो तुटला होता. त्या सकाळी त्यांनी फाटक ढकललं, ते रुळावरून सरळ बाहेर गेलं आणि त्यांच्या अंगावर कोसळलं. खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून घरातल्या घरात चालतात.

मला माहीत होतं. मी सचिव, अध्यक्ष मनोहरराव. अडसर तुटल्याचं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा ते म्हणाले होते, "वेल्डर येऊन राहिला." तो कधी आलाच नाही.

रुपरावांचं पत्र आलं तेव्हा मी विमा कंपनीच्या शाखेत फोन केला. वाचनालयात येणाऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई कंपनी देईल, अशी पॉलिसी आमच्याकडे आहे. मिनल नावाच्या अधिकारी बाईंनी स्पष्ट सांगितलं, की जखमी माणसाकडे काही कबूल करायचं नाही, काही देऊ म्हणायचं नाही, पत्र आमच्याकडे पाठवा. मी पाठवलं. रुपरावांना मात्र काहीच गेलं नाही. आमच्या गप्प राहण्याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल, हे मला बेलिफ आला तेव्हा कळलं.

बेलिफाने समन्स आणि दाव्याची प्रत माझ्या टेबलावर ठेवली, सही घेतली आणि गेला. वाचनालय प्रतिवादी, मनोहरराव आणि मी त्याचे पदाधिकारी. तारखेला हजर व्हा आणि कैफियत द्या, नाहीतर एकतर्फी निकाल लागेल.

दुपारी रुपरावांचा मुलगा रोशन आला. वाचक माना वर करून बघू लागले.

"भेटलं ना काका समन्स?"

"भेटलं."

"आता तरी बोलान का? बाबा अजून म्हणते, गणपतराव भला माणूस आहे, उत्तर देईन. मी म्हणतो, तो काहून देईन? त्याले त्याची खुर्ची प्यारी आहे."

"रोशन, मला उत्तर लिहिता येत नाही रे. कंपनीचा नियम..."

"कंपनी!" तो इतक्या जोरात म्हणाला की एका बाईंनी मासिक मिटलं. "बाबा संडासात एकटे जाऊ शकत नाही, अन् तुम्ही मले कंपनी सांगता! एवढी पुस्तकं वाचली, त्यात एक शब्द नाही भेटला तुम्हाले?"

मला बाहेर कुणाशी भांडता येत नाही. घरी जाऊन मात्र मी फार चोख उत्तरं देतो. तो निघाला तेव्हा फाटकाशी थांबला आणि तिथली नवी पाटी वाचून हसला. 'फाटक नादुरुस्त. बाजूच्या दाराने या.' ती पाटी रुपराव पडल्यानंतर लावलेली होती.

मी मिनलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "समन्स आणि दाव्याची प्रत आजच मेल करा, आणि सोबतच्या पत्रासकट पोस्टानेही पाठवा. उशीर केला तर आमचा वकील उभा राहायच्या आत मुदत निघून जाईल, अन् मग कंपनी तुमच्यावर अटीभंगाचा ठपका ठेवेल."

"पत्रात काय लिहू?"

"समन्स केव्हा मिळालं, तारीख कधीची, पॉलिसी नंबर. बचाव कंपनीने घ्यावा, अशी विनंती. आणि घडलं ते सगळं. गप्प राहायचं ते त्यांच्याशी, काका. आमच्याशी नाही. आमच्यापासून लपवलं तर पॉलिसीच हातची जाईल."

समन्स मी लगेच मेल केलं. 'आमच्याशी नाही' हे फोनवर ऐकलेलं वाक्य डोक्यातून जाईना. ज्या प्रश्नाचं उत्तर मला रुपरावांना देता येत नव्हतं, तेच मला कंपनीला देणं भाग होतं.

संध्याकाळी मनोहरराव आले आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"घ्या कंपनीचं पत्र लिहायला. 'फाटक नादुरुस्त असल्याची पाटी लावलेली असताना सदर व्यक्तीने हट्टाने फाटक ढकलले.' अन् हा पाटीचा फोटो जोडा."

"पाटी नंतर लागली, मनोहरराव."

"फोटोवर तारीख दिसते का?"

"नाही."

"मग?"

मी लिहिलं नाही. त्यांचा आवाज चढला.

"तुम्हाले समजून राहिलं का काही? अडसर तुटलेला आहे हे माहीत होतं, असं एकदा लिहिलं की कंपनी म्हणेल, काळजी घेतली नाही, आम्ही देत नाही. मग भरपाई कुठून द्याल? ही इमारत विकून? की तुमच्या पेन्शनीतून?"

ते सगळंच खोटं बोलत नव्हते. कंपनी तसं म्हणू शकते.

"खोटी पाटी कोर्टात उघडी पडली तर मात्र नक्कीच देणार नाही," मी म्हणालो. "रोशनने पाटी पाहिली आहे. ती केव्हा लागली, त्यालाही माहीत आहे."

"हो का? अन् रुपरावले त्या पाटीमुळे एक रुपया मिळणार नाही, म्हणून तुमचा जीव तुटून राहिला! बोला ना, तोंड आहे ना?"

"त्यासाठीही," मी म्हणालो.

हे मी म्हटलं यावर माझाच विश्वास बसला नाही.

"मग सचिवपद सोडा. उद्या बैठक लावतो."

"लावा. तोवर सही माझी आहे."

"पुस्तकी किडा," ते म्हणाले आणि पाटीचा फोटो माझ्या टेबलावर फेकून गेले.

पत्र लिहायला मला वेळ लागला. प्रत्येक वाक्य खोडून पुन्हा तेच लिहीत होतो. माहिती दिल्यावर शेवटी लिहिलं: 'रुळाचा अडसर तुटलेला असल्याचे मला अपघाताआधी माहीत होते. मी ते अध्यक्षांच्या कानावर घातले होते, परंतु फाटक वापरात ठेवले गेले आणि मीही ते थांबवले नाही. फाटकावरची पाटी अपघातानंतर लावलेली आहे. ही माहिती फक्त आपणास देत आहे. वादीकडे आम्ही काहीही कबूल केलेले नाही. कृपया बचाव आपल्या हाती घ्यावा आणि वकिलांचे नाव कळवावे.'

सोबत समन्स आणि दाव्याची प्रत. फोटो जोडला नाही.

सकाळी पोस्टात रांग होती. 'मीही ते थांबवले नाही' हे वाक्य खोडावं का, असं पुढे सरकताना दोनदा मनात आलं. खोडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पाकीट डिंकाने बंद केलेलं होतं. तरी मी त्याची कड नखाने चाचपून पाहिली.

"स्पीड पोस्ट?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"हो."

"पाठवणाऱ्याचं नाव नाही टाकलं."

मी वाचनालयाचं नाव लिहिलं, खाली माझं. त्यांनी पाकीट तोललं, चिकटपट्टी लावली आणि मागच्या ढिगात टाकलं.